पोर्टलवर विमा दिसतो, तरी पॉलिसी खोटी कशी?

जुनी गाडी घेताना हल्ली सगळेच मोबाइल काढून गाडीचा नंबर टाकतात. विमा 'चालू' दिसला की बोलणी पुढे सरकतात. विकणाराही तेच सांगतो, "पाहुणं, ऑनलाइन दिसतंय की, आणि काय पाहिजे?" खोटी पॉलिसी म्हणजे कुठेच नोंद नसलेला छापील कागद, अशी बहुतेकांची समजूत असते. तसले कागद आजही निघतात, पण ते पकडायला दोन मिनिटं पुरतात. अवघड असते ती पॉलिसी, जिची नोंद खरी असते, क्रमांक खरा असतो, कंपनीही खरी असते, फक्त विमा तुमच्या गाडीच्या प्रकाराचा नसतो.

हे कसं होतं आणि कसं पकडायचं, ते एका उदाहरणातून बघू. समजा मिरजेजवळचा एक भाजी वाहतूकदार सांगलीत जुना पिकअप घेतोय. नंबर एमएच १० चा, गाडीचं भारासह एकूण वजन साडेसात टनांच्या आत. विकणाऱ्यानं व्हॉट्सअॅपवर पॉलिसीची पीडीएफ आणि पीयूसीचा फोटो पाठवलाय. विमा आणखी आठ महिने आहे म्हणून गाडीची किंमतही त्यानं थोडी चढी लावलीय.

आधी आकडेमोड, मग इंटरनेट

विम्याचे दोन भाग असतात. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग कंपनीगणिक बदलतो आणि त्यात सूटही मिळते. थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा भाग, कायद्यानं सक्तीचा आहे आणि त्याचा दर कंपनी ठरवत नाही. तो केंद्र सरकारच्या अधिसूचनेनं ठरतो आणि सगळ्या कंपन्यांना सारखाच लागू असतो. विजेवरच्या आणि हायब्रिड गाड्यांना त्यात सवलत आहे. एरवी 'आमच्या ओळखीनं कमी करून देतो' हा प्रकार थर्ड पार्टीत चालत नाही.

१ जून २०२२ पासूनच्या दरांत ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता ७१४ रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ८४३ रुपये होतात. १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारला करापूर्वी ३४१६ रुपये लागतात. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला करापूर्वी १६,०४९ रुपये लागतात. मालवाहूच्या थर्ड पार्टीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तो धरून साधारण १६,८५१ रुपये होतात. दर बदलला असेल तर ताज्या अधिसूचनेतला आकडा घ्या, हिशेबाची रीत तीच राहते.

म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न असा विचारायचा: "विम्याला किती भरले होते?" आपल्या पिकअपवाल्यानं सांगितलं, "नऊ हजार. ओळखीच्या पोरानं करून दिला." इथेच थांबायला हवं. कुठल्याही कंपनीला हा विमा नऊ हजारांत देता येत नाही. मग पोरानं नेमकं काय केलं?

त्यानं कंपनीच्या संकेतस्थळावर पिकअपचाच नंबर टाकला, पण गाडीचा प्रकार दुचाकी निवडला. ८४३ रुपये भरून खरी पॉलिसी काढली. मग पीडीएफमध्ये दुचाकीच्या जागी मालवाहू, ८४३ च्या जागी सोळा हजारांचा आकडा आणि पिकअपचा चासी नंबर टाकून कागद गिऱ्हाइकाच्या हातात दिला. आठ हजारांवर त्याचा नफा. कंपनीनं मात्र आपल्याकडची नोंद नेहमीसारखी पुढे पाठवली: अमुक नंबरची गाडी, अमुक तारखेपर्यंत विमा. सरकारी पोर्टल नेमकं एवढंच दाखवतं. पॉलिसी कुठल्या प्रकारच्या वाहनाची आणि हप्ता किती, हे त्या ओळीत दिसत नाही.

पोर्टलवर काय बघायचं

parivahan.gov.in वर Know Your Vehicle Details असा पर्याय आहे. मोबाइल नंबर आणि ओटीपी देऊन आत जायचं, गाडीचा नंबर टाकायचा. हीच माहिती mParivahan अॅपवरही मिळते. अॅप प्ले स्टोअर किंवा अॅप स्टोअरवरूनच घ्या. 'तुमच्या गाडीचं चलन आलंय' म्हणून व्हॉट्सअॅपवर त्याच नावाची एपीके फाइल येते, ती उघडली की फोनचा ताबा जातो आणि पाठोपाठ बँकेतले पैसे. सरकारी पत्ता .gov.in वर संपतो. मध्ये कुठेतरी gov लिहिलेलं असलं म्हणून भुलू नका.

पानावर मालकाचं नाव आणि चासी नंबर अर्धवट झाकलेले दिसतील, ते ठीक. तुमचं लक्ष या गोष्टींवर हवं: वाहनाचा वर्ग, इंधन, नोंदणीची तारीख, कर्जाचा बोजा आहे का, फिटनेसची मुदत, आरसी सक्रिय आहे का, आणि शेवटी विमा कंपनीचं नाव व मुदत. पीयूसीचा क्रमांक आणि मुदतही तिथेच असते. पॉलिसी क्रमांक दिसत असेल तर पीडीएफवरच्या क्रमांकाशी अक्षरन् अक्षर ताडून बघा.

उलटी बाजूही आहे. पोर्टलवर विमा दिसला नाही म्हणून पॉलिसी खोटी, असा निष्कर्ष काढू नका. ताजी पॉलिसी तिथे चढायला वेळ लागू शकतो. दुसरं कारण मी बरेचदा बघतो: शोरूममधून गाडी निघताना नंबर पडलेला नसतो, म्हणून पॉलिसीवर नंबरच्या जागी NEW छापलेलं असतं. नंतर तो कुणी बदलून घेत नाही. पॉलिसी अस्सल असते, पण नंबर टाकून शोधली तर सापडत नाही. अशा वेळी आरसीची प्रत कंपनीला पाठवून नोंदीत दुरुस्ती करून घ्यायची. दुरुस्तीचा वेगळा कागद कंपनी देते, तो पॉलिसीसोबत ठेवा.

विमा माहितीसाठी दुसरा स्वतंत्र मार्ग म्हणजे iib.gov.in, विमा माहिती ब्युरोचं संकेतस्थळ. तिथली V-Seva ही सोय मुळात अपघातग्रस्तांना समोरच्या गाडीचा विमा शोधता यावा म्हणून आहे. ताडून बघायला ती चालते, पण वरच्या पिकअपची लबाडी तिथेही उघडी पडेल याची खात्री नाही, कारण तिथली माहितीही कंपन्यांकडूनच येते.

खरी परीक्षा कंपनीच्या दारात

म्हणून शेवटचा शब्द कंपनीचा. पॉलिसीवर छापलेला फोन नंबर वापरू नका. कागद बनावट असेल तर नंबरही त्यांचाच असू शकतो. कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा आणि टोल-फ्री नंबर तिथून घ्या. सांगली-मिरज भागात कंपनीची शाखा असेल तर सरळ शाखेत जा, कागदावर उत्तर मिळतं.

बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर पॉलिसी पडताळणीची किंवा पॉलिसीची प्रत उतरवून घेण्याची सोय असते. पॉलिसी क्रमांक टाकला की नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी जातो. तो गाडीमालकाच्या फोनवर आला पाहिजे. मालक समोर बसलाय, फोन त्याच्या हातात आहे आणि ओटीपी भलत्याच नंबरावर गेला, तर पॉलिसी काढणाऱ्यानं स्वतःचा नंबर घातलाय. काही एजंट आळसानंही असं करतात, तेवढ्यावरून खोटेपणा ठरत नाही, पण पुढचं न विचारता गाडी घेऊ नका.

फोनवर 'पॉलिसी खरी आहे का' एवढंच विचारलंत तर समोरचा माणूस 'हो' म्हणेल, आणि ते खोटंही नसेल. विचारायचं असं:

"या क्रमांकाची पॉलिसी कुठल्या वाहनप्रकाराची आहे? मालवाहू असेल तर वजन किती नोंदवलंय? चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे काय आहेत? एकूण हप्ता किती जमा झाला? आणि आज पॉलिसी चालू आहे की रद्द?"

आपल्या पिकअपचं पितळ पहिल्याच उत्तराला उघडं पडलं असतं. फोनवर एवढी माहिती द्यायला कंपनी तयार नसेल, आणि अनोळखी माणसाला ती बऱ्याचदा देत नाही, तर मालकालाच स्पीकरवर बोलायला लावा. किंवा त्याच्या ईमेलवरून पीडीएफ जोडून विचारणा पाठवा. 'सोबतची पॉलिसी तुमच्या नोंदीशी तंतोतंत जुळते का, वाहनप्रकार आणि हप्त्यासह कळवावे' एवढी दोन ओळींची विचारणा पुरते. हे करायला जो आढेवेढे घेतो, त्याची गाडी स्वस्त असली तरी सोडून द्या.

शेवटचा प्रश्न, रद्द आहे का, तो उगाच घातलेला नाही. हप्ता कंपनीला मिळाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, हे विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबी मध्येच आहे. चेक दिला, पॉलिसी छापून आली, चेक परत गेला आणि कंपनीनं पॉलिसी रद्द केली, असं होतं. हातातला कागद मात्र तसाच कोराकरकरीत राहतो आणि त्यावर खाडाखोड केलेलीही नसते.

कागद हातात घेऊन

कंपनीचं उत्तर येईपर्यंत पीडीएफ मोठ्या पडद्यावर उघडून बसा. मोबाइलवर बारीक खुणा निसटतात.

मुदतीच्या तारखा बघा. वर्षाची पॉलिसी १५ जूनला सुरू झाली तर पुढच्या वर्षी १४ जूनच्या मध्यरात्री संपते. १५ जून ते १५ जून असं लिहिलेलं दिसलं तर कुणीतरी हातानं तारीख बदलली असण्याची शक्यता मोठी. हप्त्याचे आकडे स्वतः बेरीज करून बघा. बदल करणारा एकूण रक्कम बदलतो, पण कराची ओळ आणि अक्षरी रक्कम विसरतो. आपल्या पिकअपच्या कागदावर एकूण सोळा हजार आणि कराच्या रकान्यात १२९ असे आकडे राहून गेले, तर कागदानंच सगळं सांगितलं असं समजा. १२९ हा ७१४ वरचा १८ टक्के कर.

पॉलिसीच्या तळाशी किंवा पहिल्या पानाच्या कोपऱ्यात यूआयएन नावाचा उत्पादन क्रमांक असतो. सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या पॉलिसीवर तो IRDAN या अक्षरांनी सुरू होतो आणि त्यापुढचे तीन आकडे कंपनीचा आयआरडीएआय या विमा नियामकाकडचा नोंदणी क्रमांक असतात. उदाहरणार्थ न्यू इंडिया अॅश्युरन्सचा नोंदणी क्रमांक १९० आहे, म्हणून त्यांचे यूआयएन IRDAN190 असे सुरू होतात. एका कंपनीचं बोधचिन्ह दुसऱ्या कंपनीच्या जुन्या पॉलिसीवर चिकटवलेलं असेल तर हे तीन आकडे जुळत नाहीत. कोपऱ्यातला हा क्रमांक बदलायचं फारसं कुणाच्या डोक्यात येत नाही.

चासी नंबर सतरा अक्षरांचा असतो आणि त्यात I, O, Q ही अक्षरं नसतात. पॉलिसी, आरसी आणि गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबर, तिन्ही जुळले पाहिजेत. सांगाड्यावरचा नंबर बघायला वाकावं लागतं, हात काळे होतात, म्हणून तो कुणी बघत नाही. जुन्या गाडीच्या बाबतीत मी तो बघितल्याशिवाय पुढे जात नाही, मग विम्याचा प्रश्न असो वा नसो.

क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा, पण दुवा लगेच उघडू नका. स्कॅनर आधी पत्ता दाखवतो. तो कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळाचा आहे का ते वाचा. कोड स्कॅन केल्यावर नुसता मजकूर आला, गाडी नंबर आणि तारीख, तर त्याला पुरावा म्हणता येत नाही. असा कोड मोबाइलवर कुणालाही फुकट बनवता येतो.

पीयूसीचं वेगळं आहे

पीयूसीचा छापील बनावट कागद पकडणं सोपं. puc.parivahan.gov.in वर गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे पाच आकडे टाकले की चालू प्रमाणपत्र समोर येतं. हातातल्या कागदाचा क्रमांक, तारीख, वेळ आणि मुदत त्याच्याशी ताडून बघा. तिथे काहीच आलं नाही तर कागद रद्दी. इथे विम्यासारखं 'चढायला वेळ लागतो' हे कारण ऐकून घेऊ नका, कारण प्रमाणपत्र याच यंत्रणेतून छापलं जातं.

घोळ असतो तो गाडी न नेता काढलेल्या पीयूसीचा. 'नंबर प्लेटचा फोटो पाठवा, पाच मिनिटांत पीयूसी' अशा जाहिराती तुम्हीही बघितल्या असतील. अशा प्रमाणपत्राची नोंद खरी असते, पोर्टलवर दिसते, तपासणी नाक्यावरही चालून जाते. फक्त गाडीच्या धुराड्यात नळी कधी गेलेलीच नसते. ते ओळखायला फोटो आणि आकडे बघावे लागतात.

प्रमाणपत्रावर तपासणीच्या वेळी काढलेला गाडीचा फोटो असतो. त्यात केंद्राची जागा दिसते का, की मोबाइलच्या पडद्याचा किंवा छापील कागदाचा फोटो काढलाय, ते न्याहाळा. पडद्याचा फोटो असला तर बारीक आडव्या-तिरप्या रेघा दिसतात, कडेला पडद्याची चौकट डोकावते. पावसाळ्यातल्या तारखेचं प्रमाणपत्र आणि फोटोत खडखडीत ऊन व कोरडी धूळ, अशा विसंगतीही सापडतात.

मग आकडे. पेट्रोल गाडीच्या कागदावर कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत आणि हायड्रोकार्बन पीपीएममध्ये असतं. डिझेल गाडीला धुराची घनता मोजतात. प्रदूषणाच्या बीएस-४ मानकाच्या डिझेल गाडीची मर्यादा १.६२ प्रतिमीटर, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. डिझेल पिकअपच्या पीयूसीवर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा दिसला तर गाडी तिथे गेलीच नाही, किंवा इंधन चुकीचं टाकलंय. दोन्ही स्थितीत कागद निकामी. मागची दोन-तीन प्रमाणपत्रं मिळाली तर शेजारी ठेवून बघा. चालत्या गाडीचे आकडे दर वेळी थोडे हलतात. दशांशापर्यंत तेच आकडे पुन्हा पुन्हा आले असतील तर ते यंत्रानं मोजलेले नाहीत.

मुदतीवरूनही कळतं. बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांना पीयूसी वर्षाची मिळते, जुन्यांना सहा महिन्यांची. नव्या गाडीला नोंदणीपासून पहिलं वर्ष ती लागत नाही. २००८ सालच्या मोटारसायकलला वर्षाची पीयूसी असेल तर गाडीचा बीएस टप्पा चुकीचा भरलाय.

महाराष्ट्रात दुचाकीच्या पीयूसीचं शुल्क ५० रुपये आणि डिझेल गाडीचं १५० रुपये ठरलेलं आहे. एवढे पैसे वाचवायला किंवा केंद्रापर्यंतची चक्कर टाळायला संशयाचा कागद वापरण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. जुन्या गाडीच्या सौद्यात तर उलट करा: तुमच्या समोर पीयूसी नव्यानं काढायला लावा. डिझेल गाडी नापास झाली तर इंजेक्टर, पंप किंवा टर्बोच्या कामाचा अंदाज तिथेच येतो आणि किंमत पाडायला कारणही मिळतं.

खोटं निघालं तर

गाडी रस्त्यावर आणू नका. विम्याशिवाय गाडी चालवल्याचा दंड पहिल्यांदा २००० रुपये आणि पुन्हा सापडल्यास ४००० रुपये आहे, पण खरी भीती दंडाची नाही. अपघातात कुणी दगावलं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई ठरवतं आणि कंपनीनं हात वर केले की ती रक्कम मालकाच्या घरादारावर येते. दुचाकीच्या हप्त्यावर काढलेल्या पॉलिसीवर पिकअपच्या अपघाताची भरपाई द्यायला कंपनी वाद घालणारच, आणि तो वाद वर्षानुवर्षं कोर्टात तुम्हीच लढणार.

त्याच दिवशी नवी पॉलिसी काढा, कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा शाखेतून. पैसे कंपनीच्या नावानं जाऊ द्या. यूपीआयवर पैसे घेणाऱ्याचं नाव एखाद्या माणसाचं दिसलं तर तिथेच थांबा. खोटी पॉलिसी 'दुरुस्त करून देतो' असं तोच पोरगा म्हणेल, त्याच्या नादाला लागू नका.

पीडीएफ मूळ स्वरूपात जपा, स्क्रीनशॉट काढून मूळ फाइल पुसू नका. व्हॉट्सअॅपवरचं संभाषण, पैसे दिल्याचा व्यवहार क्रमांक आणि कंपनीचं 'ही पॉलिसी आमच्या नोंदीशी जुळत नाही' असं लेखी उत्तर, एवढं घेऊन पोलीस ठाण्यात तक्रार द्या. फसवणूक आणि बनावट दस्तऐवज यांसाठी भारतीय न्याय संहितेची ३१८, ३३६ आणि ३४० ही कलमं आहेत. पैसे ऑनलाइन गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, कारण रक्कम पुढे सरकायच्या आत खातं गोठवलं तरच ती परत मिळण्याची आशा असते. एजंट कंपनीचा असेल किंवा कंपनी दाद देत नसेल तर bimabharosa.irdai.gov.in वर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवता येते.

आणि पॉलिसी खरी निघाली, गाडी घेतली, तरी एक काम उरतं. मालकी बदलल्यापासून चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज द्यावा लागतो. आरटीओत आरसी तुमच्या नावावर झाली म्हणून पॉलिसी आपोआप तुमच्या नावावर होत नाही. जुन्या मालकाची नो क्लेम सवलत त्याच्याकडेच राहते, त्यामुळे कंपनी तिचा फरक मागेल. तो भरा, पावती घ्या, आणि नावबदलाचा कागद आला की पुन्हा एकदा कंपनीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून ओटीपी तुमच्याच फोनवर येतो का ते बघा.